नागीण गेली, पण आग राहिली

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना जसं सांगितलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मला सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं होतं की मी ब्लड प्रेशर किंवा शुगर असं काहीतरी सांगेन. मी म्हटलं, नागीण. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "डॉक्टर, समारंभात नागीण?" त्याचं कारण सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी इथे प्लॉट घेतले तेव्हा आपल्यातले बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीत होते. आज पहिल्या दोन ओळींतल्या घरांत साठीच्या आतलं माणूस शोधावं लागतं. आणि नागीण, त्यातही नागिणीनंतर राहणारी आग, हे साठीनंतरचं दुखणं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याच कॉलनीतल्या चार-पाच जणांना ती झालेली मी पाहिली. त्यातली एक माझी आई. आज तिचीच गोष्ट सांगणार आहे. तिची परवानगी घेतली आहे. "सांग, पण तू काय चुकलास तेबी सांग," या अटीवर.

आईचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. वैशाखाचे दिवस. एका सकाळी म्हणाली, डाव्या बाजूला छातीखाली चमका येतायत, पाठीपर्यंत जातायत. डावी बाजू म्हटल्यावर मी आधी ईसीजी काढला. तो व्यवस्थित आला. मग वाटलं, उचलताना काही लचकलं असेल. नागिणीचं हे पहिलं फसवणं लक्षात ठेवा. अंगावर काही उठण्याआधी दोन-तीन दिवस नुसतंच दुखतं, तेव्हा डॉक्टरलासुद्धा ओळखता येत नाही. तिसऱ्या दिवशी मला एका लग्नासाठी कराडला जावं लागलं. त्याच दिवशी तिला पुरळ उठलं. छातीखालून पाठीच्या कण्यापर्यंत पट्टा, लाल कातडीवर पाण्यानं भरलेले फोड, द्राक्षाच्या घोसासारखे. शेजारच्या आजींनी बघितलं आणि निदान बरोबर केलं, "नागीण हाय." उपचार मात्र गेरूचा केला. गेरू कालवून लेप दिला आणि नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडू नये म्हणून दोन्ही टोकांना रेघा ओढल्या. मी परत येईपर्यंत तीन दिवस झाले होते. आईनं मला फोनवर काही सांगितलं नाही, कारण "लग्नात कशाला घोर लावू?"

तोंड-शेपूट भिडलं की माणूस दगावतो, हा समज आपल्याकडे पक्का आहे. तो का खोटा आहे ते समजलं की सगळा रोग समजतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

लहानपणी आपल्याला कांजिण्या येतात. त्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या, म्हणजे संवेदना वाहून नेणाऱ्या नसांच्या, छोट्या गाठी असतात. तो त्यांत जाऊन झोपतो. चाळीस-पन्नास वर्षं झोपलेला राहतो. वय झालं, मोठा आजार झाला, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड सुरू असलं, म्हणजे त्याला दाबून धरणारी प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि कुठल्यातरी एका गाठीतला विषाणू जागा होतो. तो त्या गाठीतून निघणाऱ्या नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. येताना नस सुजवत, जाळत येतो. ती नस जेवढ्या कातडीला पोचते तेवढ्याच कातडीवर पट्टा उमटतो. आता प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूला पोचते. डावीकडची डावीकडे, उजवीकडची उजवीकडे. म्हणून नागीण मध्यरेषेवर येऊन थांबते. टोकं भिडत नाहीत ती गेरूच्या रेघांमुळे नव्हे, तर नसच तिथे संपते म्हणून. प्रतिकारशक्ती फारच कमी झालेल्या माणसात अंगभर फोड उठू शकतात, तो खरा धोका. पण त्याचा टोकं भिडण्याशी संबंध नाही.

हे कोडं सुटलं ते कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, हे मला फार आवडतं. इंग्लंडमधल्या सायरन्सेस्टर नावाच्या छोट्या गावात एडगर होप-सिम्पसन नावाचे फॅमिली डॉक्टर होते. कडेगावात मी करतो तशीच गावची प्रॅक्टिस. आपल्या पेशंटांतल्या नागिणीच्या नोंदी त्यांनी सोळा वर्षं नेटानं ठेवल्या. त्यांवरून 1965 साली त्यांनी मांडलं की नागीण बाहेरून लागत नाही, तर जुन्या कांजिण्यांचा विषाणूच आतून जागा होतो. वय वाढेल तशी नागीण वाढते हेही त्यांच्या वहीत दिसत होतं. पुढे ते खरं ठरलं.

आईकडे परत येऊ. मी आल्यावर गेरू धुवून काढला आणि असायक्लोव्हिरच्या गोळ्या सुरू केल्या. आठशे मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. (हा डोस किडनी ठीक असलेल्या माणसाचा आहे, ऐकून स्वतः घेऊ नका.) हे औषध विषाणूला वाढू देत नाही, पण पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा खरा उपयोग. आम्ही ती वेळ जेमतेम गाठली, कदाचित चुकवली. फोड लवकर वाळतात, सुरुवातीचं दुखणं कमी होतं, हे नक्की. नंतरची आग त्यानं टळतेच असं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. वेळेवर औषध घेतलेल्यांनासुद्धा ती राहिलेली मी पाहिली आहे. तेव्हा आजींना दोष देऊ नये. मी दिलेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात खपल्या पडल्या. कातडीवर फिकट डाग उरले. मी आईला म्हटलं, "झालीस बरी." माझी पहिली चूक ही.

कारण खपल्या पडल्यावर तिचं खरं दुखणं सुरू झालं. "पोरा, आतनं इंगळ फुलल्यागत होतंय," असं ती म्हणायची. कधी मिरची चोळल्यासारखं, कधी एकदम वीज चमकावी तशी कळ. ब्लाउज सहन होईना. घरात ती पदर डाव्या हातानं अंगापासून लांब धरून बसायची. पंख्याचा वारा लागला तरी कळवळायची, आणि पंखा बंद केला तर वैशाखातला उकाडा. नातवानं येऊन मिठी मारली की ती ओरडायची, मग त्याला वाईट वाटायचं, मग हिला. मोहरमला ताबुतांच्या भेटी बघायला ती जन्मभर कधी चुकली नव्हती. त्या वर्षी गेली नाही. गर्दीत कुणाचा धक्का लागेल ही भीती. लोक भेटायला येऊन म्हणायचे, "आता तर काहीच दिसत नाही की!" आणि खरं सांगतो, दोनदा माझ्याही मनात आलं की हिचं थोडं मनाचं तर नसेल? डॉक्टर असून. ती माझी दुसरी चूक.

मी तिला दुखण्याची नेहमीची गोळी देत राहिलो, डायक्लोफेनॅक. जवळजवळ दोन महिने. आग कमी झाली नाही, पण पाय सुजले. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन दीडच्या वर गेलं होतं. म्हणजे किडनीवर ताण. गोळी बंद केली, पुढे ते बरंच खाली आलं. ही गोळी का लागू पडली नाही, हे आपल्या घराच्या बेलवरून सांगतो.

दाराशी कुणी बटण दाबलं की आत बेल वाजते. बोट चेचलं, फोड आला, गुडघा सुजला, म्हणजे दाराशी कुणीतरी बटण दाबतंय. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मुख्यतः त्या दाराशी काम करतात, तिथली सूज आणि सुजेतून येणारी रसायनं कमी करतात. पण समजा, पावसाचं पाणी भिंतीत मुरलं आणि बेलच्या वायरचं वरचं आवरण कुजलं. आपल्या पहिल्या ओळीत दोन घरांत हे झालेलं सगळ्यांना आठवत असेल. दाराशी कुणी नाही, तरी बेल रात्री-बेरात्री वाजतेय. आता दाराशी जाऊन माणसाला हाकलण्यात काय अर्थ? नागिणीत नसेचं तेच होतं. जळालेली नस आपली आपण सिग्नल सोडत राहते. कातडी बरी झालेली असते, दुखणं कातडीत नसतंच, ते वायरीत असतं.

पण मग नुसत्या वाऱ्यानं का दुखावं? स्पर्शाच्या वायरी वेगळ्या आणि वेदनेच्या वेगळ्या असतात. दोन्ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येतात. तिथे एक प्रकारचा वॉचमन बसलेला असतो, म्हणजे वेदनेचा प्रत्येक निरोप तो मेंदूपर्यंत जाऊ देत नाही, बरेचसे गेटवरच अडवतो. नस जळाल्यावर महिनोन्महिने निरोपांचा भडिमार होतो. त्यात वॉचमन दमतो, आणि तिथल्या पेशी इतक्या हुळहुळ्या होतात की स्पर्शाचा साधा निरोपसुद्धा वेदनेच्या खात्यात जमा होतो. पदर टेकला, की मेंदूला कळतं, भाजलं! मेंदू खोटं बोलत नाही आणि पेशंटही नाही. मेंदूपर्यंत निरोपच तसा पोचलेला असतो.

हे घरच्या घरी पडताळता येतं, आणि मी ते उशिरा केलं. कापसाचा बोळा आईच्या डागांच्या कडेला हळूच फिरवला. ती दचकली, डोळ्यांत पाणी आलं. मग पट्ट्याच्या मधोमध टाचणीचं टोक हलकेच टेकवलं. तिला कळलंच नाही. कापूस दुखतो आणि टाचणी कळत नाही! दुसऱ्या बाजूला, उजवीकडे, दोन्ही अगदी नीट. याचं सोंग कुणाला आणता येणार नाही. तिला मी त्या दिवशी म्हटलं, "आई, तुझं खरं आहे." ती म्हणाली, "ते मला ठावं हाय. तुला कळायला पायजे हुतं."

खपल्या पडल्यावर महिनाभर थोडं दुखणं बऱ्याच जणांना राहतं. पुरळ उठल्यापासून साधारण तीन महिन्यांनंतरही जे राहतं, त्याला नागिणीनंतरचं मज्जातंतूचं दुखणं म्हणतात. नागीण झालेल्या दहांपैकी एक-दोघांना ते राहतं. वय जास्त, पुरळ दाट आणि पहिल्या दिवसांतली कळ मोठी असेल तर शक्यता जास्त. आईत तिन्ही होतं.

उपचाराचंही चुकतमाकतच झालं. मी प्रेगाबालिन पंचाहत्तर मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. तरण्या पेशंटला हा डोस चालतो. ही चौऱ्याहत्तरची, त्यात किडनी दमलेली, आणि हे औषध किडनीतूनच बाहेर पडतं. तिसऱ्या दिवशी पहाटे बाथरूमला जाताना तिला भोवळ आली आणि ती पडली. नशिबानं नुसतं मनगट मुरगळलं. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडणं हे नागिणीपेक्षा भयंकर. त्या दिवसापासून डोस फक्त रात्री एकदाच ठेवला, आणि बाथरूमच्या भिंतीला दांडा बसवून घेतला.

महिनाभरानं जोडीला अमिट्रिप्टिलीन दिलं, दहा मिलिग्रॅम, झोपण्याआधी दोन तास. हे मुळात नैराश्याचं औषध. मेडिकलवाल्यानं आमच्या घरी तसं सांगितलं आणि आईनं गोळ्या परत माझ्यासमोर आणून ठेवल्या, "मला काय येड लागलंय?" तुमच्याही घरी हा प्रश्न येईल म्हणून सांगतो. नैराश्याला हे औषध पंचाहत्तर, शंभर, त्याहूनही जास्त देतात. इथे दहापासून सुरू करून पंचवीसपर्यंत, फार तर थोडं वर. एवढ्या डोसाचं काम मनावर नाही. मेंदूकडून खाली जो ब्रेक लागतो, म्हणजे वॉचमनला वरून मिळणारी मदत, ती हे औषध वाढवतं. प्रेगाबालिन आणि त्याचं भावंड गॅबापेंटिन ही तशीच मूळची फिट्सच्या घराण्यातली औषधं, ती जळालेल्या वायरीतून पुढे जाणारा निरोपच कमी करतात. अमिट्रिप्टिलीननं तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतं. आईला रोज इसबगोल घ्यावं लागलं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी त्यानं अडू शकते. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर ते टाळायचं. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जायचं नाही.

वरून लावायला सुन्न करणारं लिडोकेनचं मलम दिलं. त्याच्या पट्ट्याही मिळतात, बारा तास लावायच्या आणि बारा तास काढायच्या, पण त्या महाग पडतात. दोन्ही बऱ्या झालेल्या कातडीवरच लावायचं, ओल्या फोडांवर कधीच नाही. आणि एक मिरचीचं मलमही असतं, खरोखरच मिरचीतल्या तिखटाचं. आगीवर आग. ते लावून हळूहळू नसेची टोकं थकवतात. आईनं एकदाच लावलं आणि "तुझ्या डॉक्टरकीला हात जोडते" म्हणाली. ते बंद केलं.

आता मुख्य सांगायचं ते असं की या औषधांचा गुण डोकेदुखीच्या गोळीसारखा अर्ध्या तासात येत नाही. योग्य डोसवर तीन-चार आठवडे थांबावं लागतं, आणि पेशंट दहाव्या दिवशीच डॉक्टर बदलतो. म्हणून आम्ही कालनिर्णयाचा उपयोग केला. रोज रात्री आई त्या तारखेच्या चौकोनात एक आकडा लिहायची. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. सुरुवातीचा महिना नुसता आठ, आठ, नऊ, आठ. मध्ये एक सात आला तो तिनं खोडून परत आठ केला, इतका तिचा विश्वास उडाला होता. गणपतीनंतर सात-सहा दिसू लागले. दिवाळीत पाच. एका आठवड्यात चार आणि नऊ दोन्ही. नऊच्या दिवशी रात्रभर झोप नव्हती. हे आकडे नसते तर तिनं "काही फरक नाही" म्हणून औषध सोडलं असतं आणि मीही ते मान्य केलं असतं. या दुखण्यात आग अर्ध्यावर आली आणि झोप लागू लागली तर औषध लागू पडलं असं आम्ही समजतो. पूर्ण शून्याचं वचन कुणी देत असेल तर तिथून उठून यावं. बहुतेकांचं दुखणं वर्षाच्या आत पुष्कळ उतरतं, काहींचं रेंगाळतं.

व्याख्यानानंतर जे विचारलं गेलं त्यातलं थोडं इथे घालतो.

एका वहिनींनी विचारलं, की ही लागते का? ओले फोड असताना त्यातल्या पाण्यातून, ज्याला कांजिण्या कधी आल्या नाहीत अशाला, कांजिण्या लागू शकतात. नागीण नव्हे. तेवढे दिवस गरोदर बायका आणि तान्ही बाळं लांब ठेवावीत, पट्टा कापडानं झाकावा. खपल्या पडल्यावर उरलेली आग कुणाला लागत नाही. आईचं ताट-वाटी एका नातेवाइकांनी तीन महिने वेगळं ठेवलं होतं, त्याची काही गरज नव्हती.

दुसरा प्रश्न, बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांचा. रक्तात ते कमी असेल तर जरूर घ्या, शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा कमी असतं. पण नागिणीच्या आगीवरचा तो इलाज नव्हे.

तिसरा, लशीचा. आहे. 2023 पासून भारतात नागिणीची नवी लस मिळते. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दंडावर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. चाचण्यांत तिनं दहातल्या नऊ नागिणी टाळल्या. जिवंत विषाणू तिच्यात नसतो. दोन दिवस दंड दुखतो, कणकण येते. किंमत मात्र हजारांत आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळत नाही, त्यामुळे सगळ्यांनी घ्या असं मी सहज म्हणणार नाही. ज्यांना झेपते त्यांनी विचार करावा. आधीच राहिलेल्या आगीवर तिचा उपयोग नाही.

आणि कुणी विचारलं नाही, पण सांगतो. पट्टा कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. उद्यावर ढकलायचं नाही. नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच नसेची फांदी जाते, तिथे फोड आला की डोळ्याच्या आत पोचण्याचा संभव मोठा. आणि तरुण माणसाला नागीण झाली तर शुगर आणि एचआयव्हीची तपासणी लाजू नये, करून घ्यावी.

आई आज पहिल्या रांगेत बसली आहे. प्रेगाबालिन दीड वर्षानं हळूहळू कमी करत थांबवलं, एकदम बंद करत नाहीत. अमिट्रिप्टिलीनची दहाची गोळी अजून रात्री चालू आहे. कालनिर्णयात आता बहुतेक दोन असतो, थंडीत तीन. सुती ब्लाउज चालतो, नायलॉनची साडी अजूनही नाही. यंदा ताबुतांच्या भेटींना ती गेली होती, गर्दीत नाही, आमच्या ओळखीच्या एका दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून, डावी बाजू भिंतीकडे करून.